विदा अभियंत्याची मुलाखत

विदा अभियंत्याची मुलाखत ही विदा अभियंता या पदासाठी उमेदवाराची निवड करताना घेतली जाणारी तांत्रिक चाचणी होय. विदा अभियंता निरनिराळ्या स्रोतांकडून येणारी विदा गोळा करतो, तपासतो, वापरण्याजोग्या रूपात आणतो आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचवतो. या सलग व्यवस्थेला विदा पाइपलाइन असे म्हणतात. मुलाखतीत एसक्यूएल आणि एखादी प्रोग्रॅमिंग भाषा यांचे प्रश्न असतातच. परंतु निर्णायक ठरतो तो बहुधा रचनेचा प्रश्न. त्यात उमेदवारासमोर एक अर्धवट सांगितलेली गरज ठेवली जाते आणि त्यावर पाइपलाइन कशी उभारावी हे त्याने मोठ्याने विचार करत मांडायचे असते. पाइपलाइन मध्येच बंद पडली तर काय होईल, चुकीची विदा आली तर ती कशी ओळखावी, आणि प्रक्रिया बॅच पद्धतीने करावी की स्ट्रीमिंग पद्धतीने, हे तीन प्रश्न या चर्चेत जवळजवळ नेहमी येतात.

या लेखात हे तीन प्रश्न एकाच उदाहरणावरून स्पष्ट केले आहेत. उदाहरण इगतपुरी तालुक्यातील पर्जन्यनोंदींचे आहे. त्यातील केंद्रे, वेळा आणि आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. मोजमापाचे नियम आणि जेथे वर्ष व ठिकाण दिले आहे त्या घटना मात्र प्रत्यक्षातील आहेत.

## उदाहरणाची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी सह्याद्रीच्या माथ्यावर, कसारा घाटाच्या वरच्या टोकाला वसलेले आहे. येथे वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तालुक्यातील पाणी दोन दिशांना जाते. दारणा नदी भावली आणि दारणा या धरणांमधून गोदावरीला मिळते आणि पुढे नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे जाते. वैतरणेचे पाणी पश्चिमेकडे वाहते व ते मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी वापरले जाते. त्यामुळे येथील पावसाचा आकडा धरणाच्या दरवाजांवर देखरेख करणाऱ्यांना हवा असतो, तसाच तो भातशेतीच्या नुकसानीचा हिशेब करणाऱ्यांनाही हवा असतो.

महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. त्यांची संख्या २ हजारांहून अधिक आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी मानली जाते, आणि पीकनुकसानीच्या मदतीसाठी हा निकष वापरला जातो. म्हणजे एका मंडळाची नोंद ६४ आहे की ६६, यावर शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अवलंबून असू शकतात. मुलाखतीच्या दृष्टीने हे उदाहरण सोयीचे आहे, कारण येथे चुकीच्या विदेची किंमत कोणाला मोजावी लागते हे स्पष्ट दिसते.

प्रश्न असा समजावा: एका तालुक्यातील पर्जन्यमापक केंद्रे दर १० मिनिटांनी मोबाइल जाळ्यावरून एक संदेश पाठवतात. त्यांवरून रोजचा मंडळनिहाय पाऊस काढावा आणि धरणावरील अधिकाऱ्यांना जोरदार पावसाची सूचना मिळावी. अशी पाइपलाइन कशी उभाराल?

पुष्कळ उमेदवार या टप्प्यावर लगेच साधनांची नावे सांगू लागतात. काफ्का, स्पार्क, फ्लिंक, एअरफ्लो ही सर्व साधने उपयुक्त आहेत, तथापि आधी काही गोष्टी विचारून घेणे आवश्यक असते. संदेशात नेमके काय असते? आकडा कोणाला, किती वाजेपर्यंत हवा? एकूण विदा किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर येथे उद्बोधक आहे. १० मिनिटांना एक याप्रमाणे एक केंद्र दिवसाला १४४ संदेश पाठवते. राज्यभरातील २ हजार केंद्रे धरली तरी दिवसाकाठी २ लाख ८८ हजार नोंदी होतात. एवढी विदा एका साध्या संगणकावरील पोस्टग्रेसक्यूएल सहज हाताळते. अनेक यंत्रांच्या समूहाची येथे गरज नाही, आणि हे आकडेमोड करून सांगणारा उमेदवार परीक्षकाच्या नजरेत वरचढ ठरतो. अडचण विदेच्या आकारमानात नसून तिच्या स्वभावात आहे.

## संदेशात काय असते

स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा दोन लहान पात्रे तराजूच्या दांडीसारखी जोडलेली असतात. नरसाळ्यातून आलेल्या पाण्याने एक पात्र भरले की ते कलते व रिकामे होते आणि दुसरे वर येते. प्रत्येक कलण्याचा अर्थ ठरावीक पाऊस, उदाहरणार्थ ०.२ मिलिमीटर, असा असतो. यंत्र ही कलणी मोजत जाते.

आता यंत्राने काय पाठवावे याला दोन पर्याय आहेत. गेल्या १० मिनिटांतील पाऊस पाठवला, तर एक संदेश हरवताच तेवढा पाऊस हिशेबातून कायमचा निघून जातो. सकाळपासूनची एकूण बेरीज पाठवली, तर मधले संदेश हरवले तरी पुढच्या संदेशात तो पाऊस समाविष्ट असतो. फक्त तो नेमका केव्हा पडला हे कळत नाही. चढत्या बेरजेचा मापक म्हणूनच अधिक विश्वासार्ह समजला जातो. त्याच्या बदल्यात पाइपलाइनला दोन लागोपाठच्या वाचनांमधील फरक काढावा लागतो. वाचन अचानक खाली आले तर काय, याचेही उत्तर तिच्याकडे असावे लागते. ठरलेल्या वेळी मापक शून्यावर आला तर ती नेहमीची गोष्ट होय. पहाटे ३ वाजता तो ११८ वरून ०.४ वर आला, तर यंत्राची वीज जाऊन ते पुन्हा सुरू झाले असावे. अशा वेळी शेवटच्या वाचनापासून वीज जाईपर्यंत पडलेला पाऊस अज्ञात राहतो. त्या दिवसाची बेरीज ‘किमान एवढी’ अशी खूण करूनच पुढे द्यावी लागते.

## विश्वासार्हता

विश्वासार्ह पाइपलाइन म्हणजे कधीच बंद न पडणारी पाइपलाइन, अशी एक समजूत आढळते. व्यवहारात यंत्रे बंद पडतात, जाळे तुटते, साठवण भरते. विश्वासार्हतेचा अर्थ एवढाच की कोणत्याही क्षणी बंद पडून पुन्हा सुरू केल्यावर उत्तर तेच यावे.

यातील मूळ पेच पुढीलप्रमाणे आहे. केंद्र संदेश पाठवते आणि पोच मिळण्याची वाट पाहते. पोच आली नाही तर केंद्राला दोन शक्यतांमधील फरक कळू शकत नाही: संदेशच पोहोचला नसेल, किंवा संदेश पोहोचला पण पोच वाटेत हरवली असेल. केंद्राने पुन्हा पाठवले तर दुसऱ्या शक्यतेत तोच संदेश दोनदा येतो. न पाठवले तर पहिल्या शक्यतेत तो हरवतो. पाइपलाइनच्या आतही हाच पेच येतो. रांगेतून संदेश घेऊन आधी ‘मिळाला’ अशी खूण केली आणि मग तो साठवण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर संदेश गेला. आधी साठवून मग खूण केली आणि मध्ये यंत्र बंद पडले, तर तो पुन्हा येणार. हरवलेला संदेश परत मिळवता येत नाही, दोनदा आलेला ओळखता येतो. म्हणून बहुतेक पाइपलाइन ‘किमान एकदा’ पोहोचवण्याचा मार्ग स्वीकारतात आणि साठवण अशी रचतात की तोच संदेश कितीही वेळा आला तरी परिणाम एकदाच व्हावा. या गुणधर्माला एकपरिणामिता म्हणता येईल. मुलाखतीत विश्वासार्हतेविषयीचे निम्मे प्रश्न फिरून येथेच येतात.

एकपरिणामितेसाठी प्रत्येक नोंदीला स्वाभाविक ओळख हवी. येथे ती केंद्राचा क्रमांक आणि निरीक्षणाची वेळ यांची जोडी आहे. पाइपलाइनने संदेश आल्यावर स्वतः दिलेला अनुक्रमांक ओळख म्हणून चालत नाही, कारण तोच संदेश दुसऱ्यांदा आला की त्याला नवा क्रमांक मिळतो.

```sql
INSERT INTO rain_obs (station_id, obs_time, counter_mm, received_at)
VALUES ($1, $2, $3, now())
ON CONFLICT (station_id, obs_time) DO NOTHING;
```

ही आज्ञा दहा वेळा चालवली तरी सारणीत एकच नोंद राहते. येथे परीक्षक बहुधा पुढचा प्रश्न विचारतो: त्याच वेळेची, पण वेगळा आकडा असलेली नोंद आली तर? वरील आज्ञा पहिला आकडा ठेवते आणि दुसरा निमूटपणे टाकून देते. केंद्र कधी दुरुस्त केलेले वाचन पाठवत असेल तर ते योग्य नव्हे. म्हणून आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा एका वेगळ्या कच्च्या साठ्यात आधी लिहून ठेवण्याची प्रथा आहे. त्या साठ्यात काहीही बदलले किंवा पुसले जात नाही. पुढील सर्व सारण्या त्यावरून पुन्हा तयार करता येतात, आणि गणनेत चूक सापडली तर मागील महिन्याचे आकडे नव्याने काढणे शक्य होते.

रोजची बेरीज काढतानाही हेच तत्त्व लागू होते. ‘आजच्या बेरजेत नवीन पाऊस मिळव’ असे काम दोनदा चालले तर बेरीज दुप्पट होते. ‘या केंद्राची या दिवसाची जुनी बेरीज काढून टाक आणि मूळ नोंदींवरून नवी लिही’ असे काम, दोन्ही पायऱ्या एकाच व्यवहारात केल्यास, हवे तितक्या वेळा चालवता येते.

## दिवसाची व्याख्या

पर्जन्यनोंदींत दिवस मध्यरात्री बदलत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांतील पाऊस. भारतीय प्रमाणवेळेची सकाळची ८:३० ही वेळ जागतिक समन्वित वेळेनुसार ३:०० असते. संगणक प्रणाल्या मात्र वेळ बहुधा जागतिक वेळेत साठवतात आणि दिवसही त्याच वेळेनुसार पाडतात. तो दिवस भारतात पहाटे ५:३० ला बदलतो.

याचा परिणाम एका उदाहरणावरून कळतो. समजा एका मंडळात पहाटे ४:०० ते ५:३० या वेळेत ४० मिलिमीटर आणि ५:३० ते ८:३० या वेळेत ४५ मिलिमीटर पाऊस झाला. आगेमागे दोन दिवस कोरडे गेले. नियमाप्रमाणे त्या तारखेचा पाऊस ८५ मिलिमीटर, म्हणजे अतिवृष्टी होय. जागतिक वेळेनुसार दिवस पाडणारी पाइपलाइन तोच पाऊस एका दिवसात ४० आणि दुसऱ्या दिवसात ४५ असा विभागते. दोन्ही आकडे ६५ च्या खाली राहतात आणि अतिवृष्टीची नोंदच होत नाही. यात कोणताही संदेश हरवलेला नाही, कोणतीही त्रुटीसूचना आलेली नाही, आणि महिन्याची बेरीजही अचूक जुळते. म्हणूनच अशी चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते.

```sql
SELECT station_id,
       ((obs_time AT TIME ZONE 'Asia/Kolkata')
         - INTERVAL '8 hours 40 minutes')::date + 1 AS rain_day,
       sum(rain_mm) AS total_mm
FROM rain_10min
GROUP BY 1, 2;
```

येथे `obs_time` ही वेळक्षेत्रासह साठवलेली वेळ आहे. ८ तास ३० मिनिटांऐवजी ८ तास ४० मिनिटे वजा करण्याचे कारण असे की नोंदीवरील वेळ १० मिनिटांच्या कालखंडाचा शेवट दाखवते. बरोबर ८:३० ची नोंद ८:२० ते ८:३० मधील पाऊस सांगते, म्हणून ती संपणाऱ्या दिवसात धरली पाहिजे. केवळ साडेआठ तास वजा केले असते तर ती पुढच्या दिवसात गेली असती. केंद्र कालखंडाची सुरुवात नोंदवत असेल तर साडेआठ तास हेच बरोबर. नोंदीवरील वेळ कोणत्या टोकाची आहे हे विदेकडे पाहून कळत नाही, ते केंद्र बसवणाऱ्यालाच विचारावे लागते.

## सदोष विदा

सदोष विदेचे सर्वांत सोपे रूप म्हणजे वाचताच न येणारा संदेश: केंद्राचा क्रमांक नाही, वेळ भविष्यातील आहे, आकड्याच्या जागी अक्षरे आहेत. असा एक संदेश आला म्हणून संपूर्ण पाइपलाइन थांबणे योग्य नव्हे, आणि तो निमूटपणे टाकून देणेही योग्य नव्हे. तो कारणासह एका वेगळ्या साठ्यात ठेवला जातो, उरलेले काम पुढे चालते, आणि त्या साठ्यातील संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की माणसाला कळवले जाते. रोज दोन-चार संदेश बाजूला पडणे नेहमीचे असते. एका तासात सर्व केंद्रांचे संदेश बाजूला पडले, तर संदेशाचा नमुना बदलला असण्याची शक्यता अधिक.

त्याहून फसवे असते ते शून्य. पाऊस न पडणे आणि नोंद न येणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत, पण बेरीज करणाऱ्या आज्ञेला त्यांतील फरक दिसत नाही. काही यंत्रे वाचन उपलब्ध नसल्यास -९९९ असा आकडा पाठवतात. तो तसाच बेरजेत गेला तर एकूण पाऊस उणे येतो आणि चूक लगेच लक्षात येते. त्याऐवजी कोणी तो ‘सुधारून’ शून्य केला, तर चूक कायमची झाकली जाते. म्हणून अनुपस्थित नोंद रिकामीच ठेवावी आणि प्रत्येक दैनिक बेरजेसोबत १४४ पैकी किती नोंदींवरून ती काढली हेही लिहावे, असा संकेत आहे.

खरेखुरे शून्यही संशयास्पद असू शकते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पान किंवा माती अडकली की यंत्र चालू राहते, संदेश वेळेवर येतात, आकडा मात्र हलत नाही. जुलैमध्ये घोटी व आसपासच्या केंद्रांवर १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस असताना एका केंद्रावर दोन दिवस शून्य असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. शेजारच्या केंद्रांशी तुलना ही यासाठीची नेहमीची चाचणी होय. पण शेजारी कोण, हे केवळ अंतरावर ठरवता येत नाही. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने उतरतो. त्याच जिल्ह्यातील सिन्नर पर्जन्यछायेत आहे. इगतपुरीची तुलना सिन्नरशी केली तर इगतपुरीचे केंद्र रोज सदोष ठरेल.

कमाल मर्यादेची चाचणी याहून धोक्याची आहे. एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस अशक्य, असा नियम अनेकांना सुचतो. २६ जुलै २००५ रोजी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० ला संपलेल्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर होता. कमाल मर्यादेची चाचणी आणि शेजारच्या केंद्राशी तुलना, या दोन्ही चाचण्यांनी सांताक्रूझची नोंद चुकीची ठरवली असती, आणि ती त्या शहराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या पर्जन्यनोंदींपैकी एक आहे. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाबाबतही असेच घडले. तो १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी जमिनीवरील उपकरणांच्या नोंदींवरून जाहीर केला. निंबस-७ उपग्रहाकडे त्याच काळातील नोंदी होत्या, परंतु १८० डॉबसन एककांपेक्षा कमी आकड्यांवर त्याची प्रणाली संशयाची खूण करत असे. नोंदी पुसल्या गेलेल्या नव्हत्या, म्हणून पुढे त्यांवरून ऱ्हासाचा विस्तार दाखवता आला.

यावरून पाइपलाइनमधील चाचणीचा परिणाम काय असावा हे ठरते. संशयित नोंद पुसली जात नाही. तिच्यावर कोणत्या चाचणीत ती अडली याची खूण होते. दैनिक अहवालात ती धरावी की नाही हा निर्णय खूण पाहून, आणि शक्य असल्यास केंद्राला भेट देऊन, माणूस घेतो. एकदा प्रसिद्ध झालेला आकडा नंतर दुरुस्त झाला तर जुना आकडा, नवा आकडा, बदलाची वेळ आणि कारण ही चारही जपली जातात. मदतीचा निर्णय कोणत्या दिवशी कोणत्या आकड्यावर झाला, हे नंतर सांगता आले पाहिजे.

## एका रात्रीच्या नोंदी

वरील मुद्दे एकत्र कसे येतात हे पाहण्यासाठी एका केंद्राची एक रात्र घ्यावी. रात्री २:०० ला मापकाची चढती बेरीज ११२.४ मिलिमीटर आहे. त्यानंतर जोरदार पावसात मोबाइल मनोऱ्याची वीज जाते. २:१० ते ४:५० या काळातील १७ संदेश पोहोचत नाहीत. ५:०० ला संपर्क परत येतो आणि त्या वेळचे वाचन मिळते: १७८.४ मिलिमीटर.

लागोपाठच्या दोन नोंदींतील फरक ६६ मिलिमीटर आहे. ‘एका संदेशातून दुसऱ्या संदेशापर्यंत ४० मिलिमीटरहून अधिक वाढ अशक्य’ अशी चाचणी असेल, तर ही नोंद बाद होते. चाचणीने मधल्या काळाची लांबी विचारात घेतलेली नाही. ६६ मिलिमीटर पाऊस १८० मिनिटांत, म्हणजे १० मिनिटांचे १८ कालखंड, झाला आहे. सरासरी दर कालखंडाला सुमारे ३.७ मिलिमीटर. इगतपुरीच्या पावसाळ्यात यात काहीच विशेष नाही. चाचणी दोन वाचनांमधील फरकावर नव्हे, तर दर मिनिटाच्या वेगावर बसवली पाहिजे.

६:२० ला केंद्र आपल्या स्मृतीत साठलेले १७ संदेश एकदम पाठवते. प्रत्येक संदेशावर निरीक्षणाची स्वतःची वेळ आहे, त्यामुळे ते आपापल्या जागी बसतात, आणि ६६ मिलिमीटर तीन तासांत कसा पडला हे आता कळते. पाइपलाइनने आगमनाच्या वेळेला निरीक्षणाची वेळ मानले असते, तर रात्रीचा पाऊस सकाळी ६:२० ला ढगफुटीसारखा पडल्याचे दिसले असते. दैनिक बेरीज दोन्ही परिस्थितींत तीच येते, कारण सर्व काही ८:३० च्या आत घडले. संपर्क सकाळी ९:०० ला परत आला असता, तर आगमनाच्या वेळेनुसार चालणाऱ्या पाइपलाइनने तो पाऊस दुसऱ्या तारखेला टाकला असता.

या उदाहरणात आणखी एक बाब आहे. संदेश उशिरा येण्याचे कारण पाऊसच आहे. विदेची गैरहजेरी यदृच्छेने घडत नाही. ज्या रात्री आकडा सर्वांत जास्त हवा असतो त्याच रात्री तो हरवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ‘सरासरी ९९ टक्के संदेश वेळेवर येतात’ हे विधान त्यामुळे फारसे आश्वासक नाही. उरलेला एक टक्का बहुधा अतिवृष्टीच्या रात्रींचाच असतो.

## बॅच की स्ट्रीमिंग

बॅच पद्धतीत विदा काही काळ साठू दिली जाते आणि मग एकदम तिच्यावर प्रक्रिया होते. स्ट्रीमिंग पद्धतीत प्रत्येक नोंद येताच तिच्यावर प्रक्रिया होते. निवड विदा किती वेगाने येते यावर नव्हे, तर तिच्यावरून घ्यायचा निर्णय किती वेगाने घ्यायचा यावर अवलंबून असते.

मंडळनिहाय दैनिक पाऊस हा सरळसरळ बॅचचा विषय आहे. दिवस ८:३० ला संपतो. काम ९:०० ला चालवून तात्पुरता आकडा द्यावा, आणि उशिरा आलेल्या नोंदी धरण्यासाठी तेच काम मागील तीन दिवसांसाठी रोज पुन्हा चालवावे. काम एकपरिणामी असल्यामुळे हे पुन्हा चालवणे निर्धोक असते. बॅचचा मोठा फायदा असा की एखादी रात्र बिघडली तर तेवढाच दिवस पुन्हा काढता येतो आणि काय चालले, काय नाही, हे समजणे सोपे जाते.

धरणावरील सूचनेला मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वाट पाहता येत नाही. गेल्या तीन तासांतील पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सूचना हवी. तरीही येथे स्ट्रीमिंग शब्दाने हुरळून जाण्याचे कारण नाही. केंद्र १० मिनिटांनी एकदा बोलते. सूचना एका सेकंदात काढणारी प्रणाली आणि दर ५ मिनिटांनी चालणारे छोटे बॅच काम यांत धरणावरील माणसाला जाणवेल असा फरक नाही. दुसरा पर्याय उभारणे व सांभाळणे पुष्कळ सोपे आहे. केंद्रे दर सेकंदाला वाचन पाठवू लागली, किंवा सूचनेवर थेट यंत्राने दरवाजा हलवायचा असेल, तर हिशेब बदलेल.

स्ट्रीमिंगमधील खरा कठीण प्रश्न उशिरा येणाऱ्या नोंदींचा आहे. तीन तासांची बेरीज जाहीर करण्यापूर्वी किती थांबावे? या थांबण्याच्या सीमेला वॉटरमार्क म्हणतात: ‘या वेळेपर्यंतच्या सर्व नोंदी आता आल्या असाव्यात’ असा तो प्रणालीचा अंदाज असतो. सीमा ३० मिनिटांची ठेवली तर वरील रात्रीचे १७ संदेश तिच्या फार मागे पडतात. सहा तासांची ठेवली तर एकही संदेश सुटत नाही, पण सूचनेचा उपयोगही उरत नाही. यावर स्वीकारला जाणारा मार्ग असा की आहे त्या नोंदींवरून आकडा लगेच द्यावा आणि उशिरा नोंद आली की सुधारित आकडा पुन्हा द्यावा. गूगलमधील अभियंत्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेटाफ्लो प्रारूपात ही मांडणी तपशिलाने आली आणि पुढे अनेक साधनांनी ती उचलली. ती स्वीकारली की आकडा वाचणाऱ्यालाही तो बदलू शकतो हे सांगावे लागते.

वरील रात्री ५:०० चे वाचन येताच तीन तासांत ६६ मिलिमीटर एवढे तरी कळते, आणि सूचना तेव्हाच जाऊ शकते. १७ संदेशांची वाट पाहण्याची गरज नाही. परंतु २:१० ते ५:०० या काळात प्रणालीला काहीच माहीत नव्हते. नोंदींवर प्रतिक्रिया देणारी प्रणाली नोंद आली नाही तर स्वस्थ बसते, आणि धरणावरील माणूस शांततेचा अर्थ पाऊस नाही असा घेतो. म्हणून घड्याळावर चालणारी आणखी एक तपासणी लागते: एखाद्या केंद्राकडून ३० मिनिटांत काही आले नाही तर ‘केंद्र मूक आहे’ अशी स्वतंत्र सूचना जावी. जोराच्या पावसात लागून असलेली तीन केंद्रे एकाच वेळी मूक झाली, तर ती सूचना आकड्याइतकीच बोलकी असते.

एकाच पाइपलाइनमध्ये दोन्ही पद्धती ठेवल्या तर दोन निरनिराळ्या आज्ञावली एकच बेरीज काढू लागतात आणि कालांतराने त्यांची उत्तरे जुळेनाशी होतात. जलद व सावकाश असे दोन समांतर मार्ग ठेवणाऱ्या रचनेला लॅम्डा रचना म्हणतात. ती नेथन मार्झ यांच्या नावाशी जोडली जाते. जे क्रेप्स यांनी २०१४ मध्ये तिच्यावर हाच आक्षेप घेऊन एकच प्रवाही मार्ग ठेवण्याची, आणि फेरगणना हवी असल्यास जुन्या नोंदी त्याच मार्गातून पुन्हा सोडण्याची, काप्पा रचना सुचवली. पर्जन्यनोंदींच्या आकारमानाला यांपैकी कोणत्याही रचनेचे नाव देण्याची गरज नाही. फरक काढण्याचे व दिवस ठरवण्याचे नियम एकाच ठिकाणी लिहून, दर ५ मिनिटांचे काम आणि सकाळचे काम या दोघांनी तेच वापरले तर पुरते.

## देखरेख

पाइपलाइनचे काम ‘यशस्वी’ असा शेरा घेऊन संपले, एवढ्यावरून आकडे बरोबर आहेत असे ठरत नाही. स्रोताकडून रिकामी फाइल आली तर ती वाचण्याचे काम यशस्वीच होते. म्हणून कामाबरोबर विदेवरही लक्ष ठेवले जाते: शेवटची नोंद किती जुनी आहे, आज किती केंद्रांनी किती नोंदी पाठवल्या, आणि ही संख्या नेहमीच्या तुलनेत कशी आहे. इगतपुरीसारख्या ठिकाणी ‘नेहमी’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. मे महिन्यात सर्व केंद्रांवर शून्य असणे स्वाभाविक, जुलैमध्ये अस्वाभाविक. वर्षभरासाठी एकच मर्यादा ठेवली तर उन्हाळ्यात रोज खोटी सूचना येते आणि पावसाळ्यापर्यंत ती कोणी उघडूनही पाहत नाही.

सर्वांत भरवशाची तपासणी स्वतंत्र स्रोताशी तुलना हीच आहे. स्वयंचलित केंद्राजवळ हाताने मोजण्याचा साधा पर्जन्यमापक असेल तर सकाळी ८:३० चे दोन्ही आकडे रोज शेजारीशेजारी ठेवता येतात. अतिशय जोराच्या पावसात कलणारी पात्रे काही पाणी मोजायचे चुकवतात, त्यामुळे स्वयंचलित आकडा थोडा कमी असणे अपेक्षित असते. फरक हळूहळू वाढत गेला तर नरसाळे तुंबू लागले आहे असे समजावे. फरक एका ठरावीक दिवसापासून अचानक दिसू लागला, तर त्या दिवशी केंद्रात किंवा पाइपलाइनच्या आज्ञावलीत काय बदलले हे आधी शोधावे.